कार्डाच्या दोन्ही बाजू, एका पानावर

मी चौथी शिकलो. त्यातली तिसरी दोनदा. त्यामुळं लिहिताना कुठं आडवंतिडवं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आणि न्हाई घेतलं तरी माझं काय बिघडत न्हाई, मी लिहिणारच.

धाकट्या लेकीच्या वसतिगृहाच्या फॉर्मची ही गोष्ट. साल अठ्ठ्याण्णव असावं, नव्व्याण्णवही असंल. पोरीला सांगलीत कॉलेज मिळालं होतं, पण राहायची सोय न्हवती. आमचं गाव वडूजच्या पलीकडं. रोज एस्टीनं सांगली गाठायची म्हणजे पहाटे निघून रात्री परत, आणि एखादी गाडी चुकली की ज्या त्या स्टँडवर मुक्काम. पाव्हण्याच्या घरी पोर ठेवायची न्हाई, हा माझा कायदा. माजी सैनिकांच्या मुलींचं वसतिगृह होतं, तिथं जागा मिळाली तरच कॉलेज, न्हाईतर घर. हे तिलाबी पक्कं ठाऊक होतं. यादी दुसऱ्या दिवशी लागणार, आणि फॉर्म घ्यायची मुदत त्या दिवशी पाच वाजेपर्यंत.

आता आधीच सांगून टाकतो. मी पलटणीत पंधरा वर्षं काढली ती स्वयंपाकी म्हणून. कुक. बंदूक भरतीनंतरच्या ट्रेनिंगपुरती हातात आली, पुढं सगळा जन्म पातेल्याशी. आमच्याकडं घराघरातला एक गडी मिलिटरीत, त्यात कोण जखमी, कोण मेडल लावून आलेला. मी सुट्टीवर आलो की पारावर विचारायचे, "काय रं, किती पाडलं?" मी मिशीवरनं हात फिरवायचो. खोटं असं कधी बोललो न्हाई. पण खरंबी सांगितलं न्हाई. लग्न झालं तवा बायकोलाबी तेच ठाऊक, जे गावाला ठाऊक. घरात मी पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घेतला न्हाई, कुणाला वास लागू नये म्हणून.

माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळालं, त्याच्या पुढच्या बाजूला फोटो, नाव, नंबर. मागच्या बाजूला बाकीचं सगळं टाईप केलेलं, आणि त्यात एक ओळ कामाची. मला इंग्रजी येत न्हाई, पण ती ओळ मी दुरून ओळखायचो. चार अक्षरं, मधली दोन गोल, डोळे वटारल्यासारखी. ते डोळे मला बघवेनात. म्हणून औंधच्या यमाईचा एक छोटा फोटो आणला, कणकेची खळ शिजवली आणि मागच्या बाजूवर फोटो चिकटवून टाकला. मग एस्टीच्या पाससाठी मिळतं तसल्या प्लास्टिकच्या पाकिटात कार्ड सारून शिंप्याकडनं तोंड शिवून घेतलं. कुणी कार्ड बघायला मागितलं की पुढची बाजू बघायचं, उलटं केलं की देवी, मग कपाळाला लावून परत द्यायचं. इतकी वर्षं निभावलं.

त्या दिवशी सांगलीला वसतिगृहाच्या कचेरीत पोचायला बारा वाजले. खिडकीतला कारकून चष्म्यावरनं बघणारा. त्यानं गुणपत्रिका बघितली, दाखला बघितला, मग ओळखपत्राची काळपट झेरॉक्स वर धरली.

"हे काय आहे?"

"झेरॉक्स हाय."

"ही पुढची बाजू. हे दुसऱ्या कागदावर देवी छापून आणलीय. मागची बाजू कुठाय?"

"मागं देवीच हाय."

रांगेतले दोघं हसले. कारकून हसला न्हाई. म्हणाला, "हे बघा काका, फॉर्मवरच लिहिलंय. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एकाच पानावर. सुटे कागद घेतले की एक फाईलला राहतो, दुसरा हरवतो, मग आमच्या नावानं शंख. वर पुढची, खाली मागची, कार्डाच्या चारी कडा दिसल्या पाहिजेत, आणि सोबत मूळ कार्ड. साहेब मूळ कार्डाशी ताडून सही करतील. पाचच्या आत."

"मी पंधरा वर्षं देशाची सेवा केलीया," मी म्हणालो.

"म्हणूनच तर ह्या खिडकीत उभे आहात. पुढचे कोण?"

पोरगी माझी बाही धरून मला बाजूला घेऊन गेली. "आवं आबा, भांडू नका. करून घेऊया."

स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं कार्ड पाकिटासकट काचेवर ठेवलं आणि निघाला तो काळा ठिक्कर कागद. माझं कार्ड मुळात तांबूस, त्यात वर्षानुवर्षं खिशात घामानं मळलेलं. त्यानं बटण फिरवून फिकं केलं तर नाव गेलं, गडद केलं तर फोटोतला माणूस डांबरात बुडाला. म्हणाला, "ह्याला मशीन घेत न्हाई. वरच्या मजल्यावर डीटीपीवाल्या बाई हायत, त्यांच्याकडं स्कॅनर हाय. त्या उजळ करून देतील."

वर गेलो. खोली कसली, जिन्याच्या डोक्यावरचा कोनाडा. एका टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी स्कॅनर, खाली प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने. मला बसायला दिलेलं स्टूल टेबल आणि भिंतीच्या मधे. एकदा बसलं की बाईंनी खुर्ची मागं घेतल्याशिवाय उठता येत न्हवतं. पोरगी माझ्या पाठीशी, दारात उभी. म्हणजे पुढं पडदा, मागं लेक आणि बाजूला भिंत.

बाई तिशीतल्या, कामाला चटपटीत. कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, "पाकिटातून काढू का? प्लास्टिकची चमक येते वर."

"पाकिटातूनच घ्या."

"चमक आली तर फोटोवर पांढरा पट्टा येईल, काका. मग परत खेप."

पोरगी म्हणाली, "उसवा, बाई."

माझ्याकडं न बघता बाईंनी ब्लेडनं टाके उसवले. कार्ड बाहेर आलं तेव्हा पोटातनं काहीतरी बाहेर काढल्यासारखं वाटलं.

पुढची बाजू त्यांनी काचेवर पालथी ठेवली, झाकण लावलं. आतनं एक उजेडाची पट्टी कुरकुरत सरकत गेली. पडद्यावर आधी सगळी काच दिसली, पांढरी, आणि तिच्या कोपऱ्यात माझं कार्ड जरासं तिरकं. बाईंनी माऊसनं कार्डाभोवती तुटक रेघांची चौकट ओढली, परत पट्टी फिरवली, मग तिरकं होतं ते सरळ केलं. भोवतीचं पांढरं कापून टाकलं, पण कार्डाच्या कडेच्या जरा बाहेरूनच. काळोख कमी केला. आणि एवढ्यातनं माझा पस्तिसाव्या वर्षीचा चेहरा वर आला, जबडा आवळलेला. पोरगी म्हणाली, "आबा, कसले दिसत व्हता!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता मागची," म्हणून बाईंनी कार्ड उलटलं. "ही देवी चिकटवलीय का?"

"व्हय."

"काढावी लागेल."

"देवीला हात लावायचा न्हाई."

"मग मी देवीच स्कॅन करून देते. पैसे तेवढेच. पण फॉर्म परत येईल."

पोरगी खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, मागं काय लिवलंय?"

"काय न्हाई. नंबर-बिंबर."

"मग काढू की."

"तू जा, खाली रस पिऊन ये."

"मला न्हाई प्यायचा."

"जा म्हणतो ना!"

ती गेली न्हाई. आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, पडदा विझला, खोलीत एकदम तापल्या प्लास्टिकचा वास सुटला. बाई म्हणाल्या, "झालं! सेव्ह केली होती बरं पुढची बाजू. आता येईल तेव्हा येईल." आणि वर्तमानपत्रानं वारा घेत बसल्या.

दोन वाजून गेले होते. मी त्या फटीत बसून घामानं भिजलो. बाहेर पडायचं म्हटलं तर बाईंना उठवायला लागंल, बसायचं म्हटलं तर पाठीवर लेकीचं बघणं. मी बाईंकडं सरकून हळू आवाजात विचारलं, "बाई, समजा देवी काढली, तर खालची एखादी ओळ तेवढी कापता येईल का? आत्ता बाजूचं पांढरं कापलं तसं?"

बाईंनी वारा घ्यायचा थांबवला. "काका, मी कापते ते कार्डाच्या बाहेरचं. आतलं कापलं तर कार्ड आखूड दिसणार, साहेबाच्या हातात मूळ कार्ड असणार. कुठली ओळ?"

"अशीच."

"शिक्का बहुतेक मजकुरावरूनच मारलेला असतो. ओळ गेली की शिक्का अर्धा. मग तर लबाडीच म्हणतील."

हे हळू बोलणं होतं, पण खोली ती केवढी. मागं सगळं ऐकू गेलं असणार.

मी म्हणालो, "उठा बाई. जाऊ द्या मला." त्या उठल्या. मी कार्ड घेतलं आणि पोरीला म्हणालो, "चल. वसतिगृह नको. मुलींनी शिकून काय दिवे लावायचे ते घरात लावावेत."

मला वाटलं ती रडंल, आरडाओरडा करंल. मग मी ओरडून घेतलं असतं आणि मोकळा झालो असतो. तिनं नुसती पिशवी उघडली. गुणपत्रिका, दाखला, पासपोर्ट फोटो, एकेक कागद कडेला कड जुळवून पिशवीत घालायला लागली. असं सावकाश, जसं काही परत कधी बाहेर काढायचे न्हाईत. फोटोंच्या पाकिटाला रबर लावलं, ते तुटलं, तर तिनं ते गाठ मारून परत लावलं.

मी जिना उतरलो. ती मागं येत होती. खाली जिन्याच्या पोटात चहाची टपरी होती, रॉकेलचा स्टोव्ह फरफरत होता आणि पातेल्यातलं पाणी उकळत होतं. मी थांबलो. का थांबलो ते आजबी नीट सांगता येणार न्हाई. खळ माझ्याच हातची, गव्हाच्या पिठाची. ती वाफेनं सुटते हे मला ठाऊक होतं. ब्लेड लावलं असतं तर कार्डाचा पापुद्रा अक्षरांसकट आला असता.

"पातेल्यावर जरा हात धरू दे," मी टपरीवाल्याला म्हणालो.

"चा पायजे का शेक पायजे?"

"दोन चा ठेव. आणि झाकण दे."

झाकण तिरकं धरून वाफेची एकच धार काढली आणि कार्ड त्यावर देवीची बाजू खाली करून धरलं. पुढच्या बाजूला वाफ लागू द्यायची न्हाई, न्हाईतर शिक्क्याची शाई फुटते. जरा वेळ धरायचं, बाजूला घ्यायचं, नखानं कोपरा बघायचा, परत धरायचं. घाई करून चालत न्हाई. बोटं लाल झाली तरी मला काही वाटलं न्हाई. चारशे माणसांच्या भाताचं झाकण उघड्या हातानं उचललेली बोटं ती.

टपरीवाला बघत होता. म्हणाला, "बाबा, तुमी कुठल्या हाटेलात व्हता?"

मी कार्ड परत वाफेवर धरलं. पोरगीबी माझ्या हातांकडंच बघत होती.

आधी एक कोपरा सुटला, मग कड, मग देवी अलगद हातात आली, न फाटता. मी फोटो पोरीच्या तळहातावर ठेवला आणि ओलसर बोटानं राहिलेली खळ गोल गोल घासून काढली. अक्षरं सगळी जाग्यावर होती. ते दोन डोळेसुद्धा. कार्ड मी झटकन मुठीत पालथं धरलं. पण ते कितीवेळ धरणार?

लाईट साडेतीनला आली. परत त्याच स्टुलावर, त्याच फटीत. बाईंनी कॉम्प्युटर चालू केला, त्याला उठायला वेळ लागला. मागची बाजू काचेवर गेली, पट्टी सरकली, चौकट ओढली, सरळ केलं, कापलं. मग बाईंनी कोरं पान उघडलं, त्यावर पुढची बाजू आणून वर ठेवली. मागची आणली तर ती पुढच्याच्या दुप्पट. सगळं पान भरून पडद्यावर माझी मागची बाजू, आणि मधोमध ती चार अक्षरं अंगठ्याएवढी.

 प्रिंटर तेवढा गुरगुरत होता.

बाई घाईनं म्हणाल्या, "थांबा, हे चुकलं. लाईट गेली ना, स्कॅनरचं सेटिंग मूळ जागी गेलं. पुढची बाजू तीनशेवर घेतली होती, ही सहाशेवर आली, म्हणून पानावर दुप्पट दिसतीय. परत घेते." त्यांनी वाचलं होतं. त्यांच्या घाईवरनंच मला कळलं.

परत पट्टी. मी पडद्याकडं बघितलं न्हाई, मागंबी बघितलं न्हाई. लग्नपत्रिकांवरचे गणपती मोजत बसलो.

"आबा," मागनं आवाज आला, "हे खरं हाय?"

"कार्ड सरकारनं दिलंय. सरकार खोटं लिवंल का?"

"आईला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"इतकी वर्षं तिच्या आमटीला नावं ठिवली तुमी."

"आमटी वाईटच हुती तिची," मी म्हणालो.

बाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात दाबलं. पोरगी हसली न्हाई.

ह्या खेपेला दोन्ही बाजू बरोबर एकसारख्या आल्या. वर पुढची, खाली मागची, मधे साहेबाच्या सहीला जागा. बाईंनी प्रिंट काढली, माझं कार्ड कागदावर ठेवून पट्टीनं कडा मोजल्या, बरोबर तेवढ्याच. "दोन प्रती देते," म्हणाल्या, "एखादी बिघडली तर." मी म्हणालो, "एकच द्या." पोरगी म्हणाली, "दोन." दोन आल्या.

चालत गेलो असतो तर उशीर झाला असता, रिक्षा केली. मी कधी रिक्षा करत न्हाई. चार पन्नासला खिडकीत पोचलो. मागं सात-आठ माणसं, सगळी आमच्यासारखीच, कुणाच्या छातीवर पट्ट्या, कुणाच्या पायात अजून पलटणीचे बूट. कारकुनानं पान घेतलं, मूळ कार्ड घेतलं, पुढची बाजू ताडली, उलटलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आला. मला वाटलं बोट तिथं थांबू नये. थांबलं.

"ट्रेड कुक?" त्यानं मोठ्यानं विचारलं. त्याला टोचायचं न्हवतं, त्याचा आवाजच तसा. "फॉर्मवर तुम्ही पलटणीतल्या कामाची ही जागा कोरी सोडलीय. भरावी लागेल. काय लिहू?"

मागची कुजबुज थांबली. पोरगी माझ्या शेजारी खिडकीच्या गजाला धरून उभी. तिनं उत्तर दिलं असतं तर मी तिला तिथंच बोललो असतो. ती गप्प राहिली. मागं वळून बाहेर जायला जागा होती, दरवाजा उघडा होता, आणि तरी जाता येत न्हवतं.

"कुक लिवा," मी म्हणालो. "पंधरा वर्षं."

त्यानं लिहिलं. आत साहेबाकडं पान गेलं, सही आणि शिक्का होऊन आलं. दुसऱ्या दिवशी यादीत पोरीचं नाव आठवं होतं.

फॉर्म देऊन परतताना एस्टीत विट्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. विट्यानंतर म्हणाली, "आबा, आईला मी सांगणार न्हाई. पण तुमी सांगा." मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "बघू न्हाई. न्हाईतर तुमी तिच्या हातचं जेवताना मी तिथं बसणार न्हाई." असं बोलणारी पोर मी शिकायला धाडत होतो.

ती सांगलीला गेल्यावर मी दोन महिने काढले. बायकोला वाचता येत न्हाई. ते पान मी तिच्या हातात दिलं असतं, पाटावर ठेवलं असतं, तरी तिला काही कळलं न्हसतं. लेकीला पडद्यानं सांगितलं, कारकुनाला कागदानं, माझं तोंड उघडायची वेळच आली न्हवती, आलीच ती एका शब्दापुरती. बायकोपुढं मात्र कागदाचा उपयोग न्हवता. हे माझ्या डोक्यातनं जाईना. रानात असलो तरी तेच, जेवायला बसलो तरी तेच, आणि ती समोर वाढत असायची.

शेवटी एका सांजेला, ती दारात तांदूळ निवडत बसली होती, तवा सांगितलं. उभ्यानंच. सगळं मिळून दोन वाक्यं झाली.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मग परत सूप उचलून खडे वेचायला लागली. म्हणाली, "इतकी वर्षं मला चुलीम्होरं एकटी बसवलं व्हय तुमी?"

 दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली, पातेलं चढवलं आणि उठून बाहेर दारातल्या ओट्यावर जाऊन बसली. मला हाक मारली न्हाई की काही न्हाई. पाणी उकळायला लागलं, झाकण थडथडायला लागलं, आणि आत कुणालातरी जायला लागणार होतं.